पाठराखणीची जागा : मलपृष्ठ, कणा आणि पहूरचा एक कवितासंग्रह

पुस्तकाच्या मागच्या बाजूकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. मुखपृष्ठावर लेख लिहिले जातात, दीनानाथ दलालांपासून पद्मा सहस्रबुद्धे यांच्यापर्यंतच्या चित्रकारांची नावे आदराने घेतली जातात. पण पुस्तक उलटे केले की दिसणारे मलपृष्ठ आणि पुस्तक कपाटात उभे राहिले की दिसणारा एवढासा कणा, हे दोन्ही आपण मुद्रकाच्या हवाली करून मोकळे होतो. वास्तविक मराठी ग्रंथव्यवहाराचा बराचसा इतिहास याच दोन जागांत दाटीवाटीने बसलेला आहे. कण्यावरचे शीर्षक, मलपृष्ठावरचा परिचयपर मजकूर आणि कोपऱ्यातला बारकोड हे तीन भाडेकरू तीन वेगवेगळ्या काळांत येथे राहायला आले. त्यांची भांडणे समजून घ्यायची, तर आधी त्यांच्या येण्याचा क्रम पाहावा लागतो.

कण्यावरचे शीर्षक सर्वांत जुने. ग्रंथ आडवे ठेवण्याची रीत मागे पडून ते उभे राहू लागले, आणि ग्रंथाने जगाकडे आपली पाठ केली. मग ओळख पाठीवर लिहिणे भागच झाले. कातडी बांधणीच्या जाडजूड ग्रंथांत कण्यावर शीर्षक आडवे बसते, प्रश्न उरत नाही. प्रश्न येतो तो लांब शीर्षकांचा. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या कादंबरीचे पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे. एकोणिसाव्या शतकातले शीर्षक हे असे अर्धी प्रस्तावनाच असे. ते शीर्षकपृष्ठावर ऐसपैस मावते, कण्यावर त्यातले 'यमुनापर्यटन' तेवढे उरते. आपण आज ज्या सुटसुटीत नावांनी जुन्या ग्रंथांचा उल्लेख करतो, त्या नावांना कण्याच्या रुंदीनेही थोडाफार हातभार लावला असावा, असे आम्हांस वाटते.

पुस्तक बारीक असेल तर शीर्षक उभे फिरवावे लागते. इंग्लंड-अमेरिकेत ते वरून खाली वाचले जाते, फ्रान्स-जर्मनीत प्रामुख्याने खालून वर. पहिल्या पद्धतीचा फायदा असा, की पुस्तक टेबलावर मुखपृष्ठ वर करून ठेवले तरी कण्यावरची अक्षरे सरळ दिसतात. अक्षराखाली अक्षर रचण्याचा तिसरा मार्ग रोमन लिपीला कसाबसा साधतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात आणि वेलांटी कोणाची ते कळेनासे होते. तो मार्ग मराठीला बंद आहे.

दुसरा भाडेकरू म्हणजे परिचयाचा मजकूर. त्याची पहिली ठळक खूण, गंमत अशी, की मलपृष्ठावर नसून कण्यावरच आढळते. वॉल्ट व्हिटमनच्या 'लीव्हज ऑफ ग्रास'ची पहिली आवृत्ती १८५५ साली निघाली. इमर्सनने खासगी पत्रातून तिचे कौतुक केले, आणि १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर व्हिटमनने त्या पत्रातली एक ओळ इमर्सनच्या नावासह सोनेरी अक्षरांत उमटवली. तीही त्याला न विचारता. 'ब्लर्ब' हा शब्द मात्र त्यानंतर पन्नास वर्षांनी आला. जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदकाराने १९०७ साली आपल्या पुस्तकाच्या खास वेष्टनावर मिस बेलिंडा ब्लर्ब नावाची एक काल्पनिक तरुणी पुस्तकाची तारीफ ओरडून सांगताना दाखवली, आणि त्या तारिफीला तिचेच आडनाव चिकटले.

मराठीत पुस्तकाची हमी घेण्याचे काम बराच काळ वेगळ्या जागी होत असे. ते प्रस्तावनेत होई. आमच्या खानदेशातलेच उदाहरण घ्यायचे तर, असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. सोपानदेवांनी जपलेली त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. अक्षरओळख नसलेल्या, जळगावबाहेर कोणाला ठाऊक नसलेल्या बाईची वाणी महाराष्ट्राच्या हाती द्यायची, तर कोणीतरी तोलामोलाच्या माणसाने पुढे होऊन बोलणे गरजेचे होते. प्रस्तावनाकाराला पाने असत. तो उदाहरणे देई, मतभेद नोंदवी, कधी स्वतःविषयीही लिही. पुढे प्रस्तावनांची रीत ओसरत गेली. विशेषतः कवितासंग्रहांत हमी घेण्याचे काम मलपृष्ठावर आले, आणि त्याला 'पाठराखण' असा फार नेमका शब्द मराठीने दिला. पाठराखीण नव्या नवरीबरोबर तिच्या सासरी जाते, चार दिवस सोबत करते. मलपृष्ठावरच्या चार शब्दांचे कामही तेवढेच. अडचण इतकीच झाली, की प्रस्तावनेचा सूर आणि तिची ऐसपैस वाक्ये तशीच राहिली, जागा मात्र तळहाताएवढी झाली. आजच्या मलपृष्ठांवर जी गर्दी दिसते तिचे मूळ आम्हांस येथे दिसते.

तिसरा भाडेकरू सर्वांत उशिरा आला आणि सर्वांत हट्टी निघाला. पुस्तकाला क्रमांक देण्याची कल्पना ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात रुजली, १९७० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले आणि आयएसबीएन हे नाव रूढ झाले. दुकानातला बारकोड प्रथम वाचला गेला तो जून १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, च्युइंगमच्या पुड्यावर. पुढे दोहोंची सोयरीक झाली. १ जानेवारी २००७ पासून दहा अंकी क्रमांक तेरा अंकी झाला, आणि क्रमांक व बारकोड यांचे अंक एकच झाले. आपल्याकडे हे क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते. भारतीय पुस्तकांचे क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात.

तालुक्याच्या गावी छापलेल्या मराठी पुस्तकांवर मात्र बारकोडचे पीक खऱ्या अर्थाने आले ते दुकानांमुळे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी पुस्तकांना गुण दिले, आणि त्यात आयएसबीएनचा उल्लेख आला. वाचणारे यंत्र पन्नास किलोमीटरच्या परिघात नसले तरी रेघांचा चौकोन आवश्यक झाला. प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून आलेल्या वस्तूचे जे होते तेच त्याचे झाले. त्याचे काम काय, हे विचारायचे राहून गेले.

एवढी पार्श्वभूमी सांगण्याचे कारण पहूर. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, जामनेर तालुक्यातले हे गाव. पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे २०२० मध्ये थांबेपर्यंत येथून जात असे. ना. धों. महानोरांचे पळसखेडे याच अजिंठ्याच्या पट्ट्यातले. येथील एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या पहिल्या कवितासंग्रहाच्या वेष्टनाचा आराखडा, म्हणजे मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ एका सलग पटावर मांडलेला कच्चा छाप, आमच्याकडे पाहण्यासाठी दिला. पुस्तक डेमी आकाराचे, साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच. पाने शहाण्णव, म्हणजे सोळा पानी सहा फॉर्म. त्यांचे नाव व संग्रहाचे शीर्षक येथे देत नाही. शीर्षकाच्याच बेतावरचे एक सोयीसाठी घेऊ : 'कपाशीच्या फुलांतून उगवलेले सूर'.

प्रथम कणा. आराखड्यात तो आठ मिलिमीटर रुंद धरला होता. कशावरून, तर संगणकावर आधीच्या पुस्तकाची फाइल होती, तीत तेवढा होता. कण्याची रुंदी अंदाजाने ठरत नाही. ती कागदाच्या जाडीतून निघते. शहाण्णव पाने म्हणजे अठ्ठेचाळीस पत्रे. सत्तर ग्रॅमच्या नेहमीच्या मॅपलिथो कागदाचा एक पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे आतला गठ्ठा ४.८ मिलिमीटर. वेष्टनाच्या कार्डाचे दोन थर मिळून आणखी ०.६. एकूण ५.४ मिलिमीटर. कागद गिरणीगणिक बदलतो, म्हणून मुद्रकाकडून त्याच कागदाच्या कोऱ्या अठ्ठेचाळीस पत्र्यांची डमी बांधून घ्यावी आणि ती दाबून मोजावी, हा त्यावरचा खात्रीचा उपाय. आठ मिलिमीटरचा कणा प्रत्यक्षातल्या साडेपाच मिलिमीटरच्या पुस्तकावर बसवला, तर दोन्ही बाजूंस सव्वा मिलिमीटर कणा पृष्ठांवर उतरतो. या आराखड्यात कणा गडद तपकिरी आणि मुखपृष्ठ पांढरे होते. ती तपकिरी कड मुखपृष्ठावर डोकावली असती. म्हणून बारीक पुस्तकात घडीच्या रेषेवर रंग बदलू नये. मुखपृष्ठाचाच रंग कण्यावरून मागे वाहू द्यावा, म्हणजे घडी थोडी सरकली तरी डोळ्यांना कळत नाही.

आता शीर्षक. बांधणीत घडी मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकणार हे गृहीत धरून दोन्ही कडांना एकेक मिलिमीटर सोडले, की अक्षरांच्या वाट्याला ३.४ मिलिमीटर उरतात. येथे देवनागरीची खरी परीक्षा आहे. रोमन शीर्षक मोठ्या अक्षरांत लिहिले, की वर-खाली काहीच डोकावत नाही. तेवढ्या जागेत तेरा पॉइंटाचे अक्षर बसते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. आमच्या उदाहरणात 'शी', 'लां', 'ले' वर झेपावतात. 'फु', 'तू', 'सू' खाली लोंबतात. हा सगळा विस्तार ३.४ मिलिमीटरमध्ये कोंबायचा, तर अक्षर सात पॉइंटाचे करावे लागते, जवळजवळ निम्मे. कपाटापासून हातभर अंतरावरून ती मुंग्यांची रांग दिसते. लांबीची अडचण मुळीच नाही. २१६ मिलिमीटर उंचीच्या कण्यावर ते शीर्षक सात पॉइंटात तीन सेंटिमीटरही घेत नाही. सर्वसाधारण समज असा असतो, की लांब शीर्षक कण्यावर मावत नाही. बारीक पुस्तकात लांबी नव्हे, तर उकार नडतो.

या दृष्टीने काही शीर्षके पाहण्यासारखी आहेत. महानोरांच्या १९६७ च्या 'रानातल्या कविता' या नावात खाली उतरणारे एकही चिन्ह नाही, वर फक्त एक वेलांटी. 'कोसला'तही खाली काही नाही. उलट नेमाड्यांच्याच 'हिंदू'मध्ये वर वेलांटी व अनुस्वार आणि खाली दीर्घ उकार, असा दोन अक्षरांत पूर्ण विस्तार आहे. पण ती कादंबरी इतकी जाड, की तिला काळजी नाही. कवींनी कण्याकडे पाहून शीर्षके ठेवावीत, असे आम्ही म्हणणार नाही. मुद्रकाने मात्र शीर्षक पाहून कागद निवडायला हवा. येथे आम्ही तेच सुचवले. छापखान्यात ज्याला बल्की म्हणतात, तो फुगीर कागद वजनाला हलका आणि जाडीला जास्त. त्याचा पत्रा ०.१४ मिलिमीटरचा मिळाला, तर गठ्ठा ६.७ आणि कणा ७.३ मिलिमीटर होतो. अक्षरांना ५.३ मिलिमीटर मिळतात, आणि अकरा पॉइंटाचे शीर्षक आरामात बसते. एकही कविता न वाढवता पुस्तक अंगाने भरते.

कण्याच्या तळाशी प्रकाशनाचे बोधचिन्ह होते. ते आम्ही थोडे वर घ्यायला सांगितले. असे संग्रह प्रामुख्याने गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत जातात, आणि वाचनालयात कण्याच्या खालच्या दोन-अडीच इंचांवर वर्गांकाची चिठ्ठी डकवली जाते. त्या पट्ट्यात जे छापाल ते गाडले जाते. कवीचे नाव तेथे असलेली कितीतरी पुस्तके आम्ही पाहिली आहेत. कपाटात ती निनावी उभी असतात.

मग बारकोड. त्याचे प्रमाण माप, दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांसह, ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर. ते ऐंशी टक्क्यांपर्यंत लहान करता येते, म्हणजे २९.८३ बाय २०.७४. त्याखाली नाही. आराखड्यातला बारकोड अठ्ठावीस मिलिमीटर रुंद होता, आणि त्याभोवती नक्षीची चौकट इतकी घट्ट होती की पहिल्या रेघेआधी सोडायची मोकळी जागाच उरली नव्हती. यंत्राच्या दृष्टीने ती मोकळी जागा म्हणजे वाक्याआधीचा श्वास. तिच्यावाचून रेघा कोठून सुरू होतात ते त्याला कळत नाही. शिवाय मुखपृष्ठाशी जुळावे म्हणून रेघा तांबूस-तपकिरी केल्या होत्या. वाचणारा प्रकाश बहुधा लाल असतो, आणि लाल प्रकाशाला तांबडी रेघ पांढऱ्या कागदासारखीच दिसते. सौंदर्यदृष्टीने केलेली ही निवड यंत्राला कोरा कागद दाखवणारी होती. पांढऱ्या पट्टीवर काळ्या रेघा, याला पर्याय शोधू नये.

क्रमांक खरा आहे का, हे घरबसल्या तपासता येते, आणि पुस्तकांचे गुण मोजणाऱ्या समित्यांनी ते करायला हरकत नाही. शेवटचा अंक हा आधीच्या बारा अंकांवरून काढलेला पडताळा असतो. नमुन्यादाखल सर्वत्र दिला जाणारा क्रमांक घेऊ : 978-3-16-148410-0. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने एक व तीनने गुणून बेरीज करायची. येथे ती शंभर येते. पुढच्या दशकापर्यंत जेवढे कमी पडते तो शेवटचा अंक. येथे काही कमी पडत नाही, म्हणून शून्य. बेरीज जुळली म्हणजे क्रमांक त्याच पुस्तकाला दिलेला आहे असे सिद्ध होत नाही. पण जुळली नाही, तर तो चुकीचा किंवा मनाने रचलेला आहे, एवढे नक्की. पहूरच्या पुस्तकाचा क्रमांक जुळला. त्याखालचे अंक मात्र मराठी फाँट लागल्यामुळे देवनागरी झाले होते. तेथे इंग्रजी अंकच हवेत.

उरली पाठराखण, आणि खरी ओढाताण तिचीच. मजकूर तीनशे दहा शब्दांचा होता आणि तो कवीच्या एका ज्येष्ठ गुरूंनी लिहिलेला होता. मलपृष्ठाची रुंदी १४० मिलिमीटर; कडा सोडून मजकुराला ११६. उंचीतून कडा, बारकोडची पट्टी आणि कवीचे छायाचित्र व चार ओळींचा परिचय वजा केला, की सुमारे ११३ मिलिमीटर उरतात. बारा पॉइंटाचे अक्षर आणि ओळींत पुरेसे अंतर ठेवले, तर सतरा ओळी बसतात. ओळीत साधारण दहा शब्द, परिच्छेदाची फट, लिहिणाऱ्याचे नाव : हिशेब दीडशे शब्दांवर थांबतो. मुद्रकाने तीनशे दहा बसवले होते ते नऊ पॉइंटात, गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत. छापताना चार रंगांची शाई थोडी पसरते, पातळ शिरोरेषा बुजते, अनुस्वार गळतात. नऊ पॉइंटात 'मद' आणि 'मंद' यांत फरक उरत नाही.

आम्ही म्हणालो, मजकूर निम्मा करा. शिक्षक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजींचा शब्द मी कसा तोडू? त्यांनी हातानं लिहून दिलंय, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं असताना."

या प्रश्नाला मोजपट्टीत उत्तर नाही. आम्ही मजकूर पुन्हा वाचला, आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न ठेवला : हे वाक्य दुसऱ्या एखाद्या कवितासंग्रहाच्या मागे छापले, तर कोणाच्या लक्षात येईल का? मातीशी नाळ, अस्सल अनुभव, ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण, मराठी कवितेच्या प्रांतात स्वागत, ही वाक्ये कोठेही गेली असती. पण मध्येच गुरुजींनी लिहिले होते की, या कवीच्या कवितेत कापूस वेचणाऱ्या बायका दिवस तासांत मोजत नाहीत, ओटीच्या वजनावर मोजतात. आणि तीच मोजणी कवितेच्या ओळींच्या लांबीत उतरली आहे. हे दुसऱ्या कोणाविषयी लिहिता आले नसते. त्याभोवतीची सहा-सात वाक्ये धरून एकशे वीस शब्द झाले.

संपूर्ण मजकूर तोडायचा नाही, तो त्याच्या मूळ घरी न्यायचा, असे आम्ही सुचवले. पुस्तकाच्या सुरुवातीची दोन पाने कोरी होती. तेथे तो 'प्रस्तावना' म्हणून अखंड छापावा, आणि मलपृष्ठावर त्यातलाच वेचा गुरुजींना विचारून घ्यावा. व्हिटमनने जे विचारले नाही ते पहूरच्या शिक्षकांनी विचारले. ते गुरुजींकडे जाऊन आले. गुरुजींनी वेचा ऐकला, त्यातले 'अत्यंत' हे एक विशेषण काढायला सांगितले, आणि खाली आपल्या नावामागचे 'ज्येष्ठ समीक्षक' छापू नये म्हणाले.

कणा ७.२ मिलिमीटर भरला.